पंचवीस मिनिटं की दीड तास? आधी मांडामांड मोजा

*मी पीएचडीचा प्रबंध लिहिते आहे. परिचारिकांच्या मुलाखतींवर काम आहे. बरेच महिने २५ मिनिटांचा टायमर लावून बसत होते. मुलाखती टाइप करताना, संदर्भसूची तपासताना त्याचा फायदा झाला. पण प्रकरण लिहायला घेतलं की नेमका सूर लागतो आणि घंटा वाजते. वैतागून टायमर बंद केला आणि सलग तीन-तीन तास बसायला लागले. आता पहिला तास नुसताच जातो आणि शेवटच्या तासात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं. कुणी म्हणतं ९० मिनिटं, कुणी म्हणतं ५२. मी नेमकं किती वेळ बसायचं?*

*— घंटेला वैतागलेली*

सगळ्या कामांना चालेल असा एक आकडा मी देणार नाही. तसा तो नाहीच. पण तुमच्या प्रत्येक कामाचा आकडा दोन आठवड्यांत तुम्हालाच काढता येईल, आणि त्यासाठी एक वही पुरते.

त्याआधी लोक सांगतात त्या आकड्यांचा निकाल लावू. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी विश्रांती, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना बसवली. अभ्यासात मन लागत नव्हतं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवला. म्हणजे मुळात तो 'बसायला लागावं' यासाठी केलेला उपाय होता. ९० मिनिटांचा आकडा झोपेच्या संशोधनातून येतो. झोपेची आवर्तनं साधारण तेवढी असतात, आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी असं मांडलं की जागेपणीही अशीच लय चालत असावी. झोपेचा भाग पक्का आहे. जागेपणीच्या भागाला पुरावा तोकडा आहे. आणि ५२? २०१४ मध्ये वेळेची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपच्या कंपनीने आपल्या सगळ्यात कामसू वापरकर्त्यांची सरासरी काढली, ती ५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं विश्रांती अशी आली. सरासरी ती सरासरी. त्यात कोण कोणतं काम करत होतं ते कळत नाही, आणि तुमचा सगळा प्रश्नच तिथे आहे.

तुमच्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे. संदर्भसूचीला टायमर मानवला, प्रकरणाला नाही. म्हणजे टिकून बसण्याची तुमची ताकद दोन्हीकडे सारखीच आहे, फरक कामात आहे. आणि तो फरक मी 'मांडामांडीचा वेळ' या एका गोष्टीने मोजते. खुर्चीत बसल्यापासून पहिलं खरं काम हातून होईपर्यंत जी मिनिटं जातात, ती मांडामांड. काल कुठे थांबलो, तो मुद्दा कुठल्या मुद्द्याला जोडायचा होता, त्या तीन मुलाखतींमधली कोणती वाक्यं समोर हवीत, हे सगळं डोक्यात पुन्हा उभं राहिल्याशिवाय एकही वाक्य धड उतरत नाही. संदर्भसूचीत असं काही उभं करावं लागत नाही. ज्या नोंदीपाशी थांबलात, तिथून पुढची नोंद घ्यायची.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या बाबतीत हे कुणीतरी मोजलेलंही आहे. ख्रिस पार्निन यांनी सहकाऱ्यासोबत प्रोग्रामरांच्या कामाच्या हजारो नोंदी तपासल्या. अर्धवट सोडलेल्या कामावर परत आल्यावर मिनिटभराच्या आत पुन्हा कोड लिहायला लागल्याची उदाहरणं साधारण दहात एक निघाली. बाकीचे आधी इकडेतिकडे फायली उघडून, जुने बदल चाळून 'आपण काय करत होतो' हे शोधत होते. प्रबंधाचं प्रकरण याहून वेगळं नाही.

आता तुमच्याच दोन कामांचा हिशोब मांडू. वेळ दोन तासांचा धरू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही नंतर भरा.

समजा प्रकरणाला मांडामांड १४ मिनिटांची आहे. दोन तासांत २५ अधिक ५ अशा चार फेऱ्या बसतात. पहिल्या फेरीत १४ मिनिटं गेली, ११ उरली. पुढच्या प्रत्येक फेरीत सगळं नव्यानं मांडावं लागत नाही, पाच मिनिटांत सगळंच पुसलं जात नाही; तरी ६ मिनिटं धरू. म्हणजे प्रत्येकी १९, तीन फेऱ्यांची ५७. एकूण ६८ मिनिटं खरं लिखाण. उलट ९५ मिनिटांची एकच सलग बैठक मारली आणि शेवटी २५ मिनिटं विश्रांती घेतली, तर १४ वजा जाऊन ८१ मिनिटं हाती राहतात. ६८ आणि ८१. फरक आहे, पण आभाळ कोसळावं एवढा नाही. 'सलग बसल्याशिवाय काही होतच नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

मात्र यात एक मेख आहे. त्या पाच मिनिटांत तुम्ही मेल उघडला, मार्गदर्शकांचा निरोप वाचला, फोनवर काहीतरी पाहिलं, की मधली मांडामांड ६ वरून पुन्हा १४ वर जाते. मग चारही फेऱ्यांत ११-११ मिनिटंच उरतात, एकूण ४४. म्हणजे सलग बैठकीच्या जवळजवळ निम्मी. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम पुरं न करता दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. पाच मिनिटांत वाचलेला मेल हे असंच अर्धवट काम असतं, कारण त्याला उत्तर द्यायचं राहिलेलं असतं. तेव्हा छोट्या फेऱ्या करायच्याच असतील तर मधल्या वेळात उठा, पाणी प्या, खिडकीपाशी उभ्या राहा, अक्षर वाचू नका. निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार टायमरची नसते, या पाच मिनिटांची असते, असं मला तरी दिसतं.

मिनिटांत न दिसणारं आणखी एक नुकसान आहे, आणि माझ्या मते खरं नुकसान तेच. समोर एकोणीसच मिनिटं आहेत हे माहीत असलं की माणूस एकोणीस मिनिटांत होईल असंच काम निवडतो. एखादा परिच्छेद घासून-पुसून घेतला, एक उद्धरण बसवलं, एक तळटीप नीट केली. दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यात विसंगती आहे, ती सोडवायची तर दोन पानं पाडावी लागतील, हे काम कुठल्याच फेरीत सुरू होत नाही. महिन्याभरानं प्रकरणाची वाक्यं चकचकीत असतात आणि सांधे खिळखिळे. तुमचे मार्गदर्शक 'भाषा छान आहे, पण युक्तिवाद कुठे जातोय?' असं म्हणत असतील, तर हेच झालंय असं समजा.

आता संदर्भसूचीचा हिशोब. मांडामांड २ मिनिटं. चार फेऱ्यांत प्रत्येकी २३, एकूण ९२ मिनिटं. सलग बैठकीत ९३. म्हणजे मिनिटं सारखीच! मग छोट्या फेऱ्या का मानवतात? कारण तिथे निर्णय चुकांवर होतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांकडून खुणा निसटायच्या, तो प्रश्न घेऊन नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले आणि १९४८ मध्ये ते छापले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक पुढे जातो आणि क्वचित एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. संदर्भ तपासणं हे याच जातीचं काम आहे. शंभरातल्या नव्वद नोंदी बरोबरच असतात, एखाद्या नोंदीत २००३ चं २००८ झालेलं असतं, आणि चाळिसाव्या मिनिटाला तुमची नजर त्यावरून सरळ पुढे जाते. शिवाय आपलं चुकतंय हे त्या क्षणी कळतही नाही. काम चालू आहे असंच वाटतं. म्हणून अशा कामात घंटा हवी, आणि ती २५-३० मिनिटांच्या आत वाजायला हवी.

टायपिंगचंही साधारण असंच, फक्त तिथे कान आणि बोटं थकतात. त्यावर जास्त बोलत नाही, तुमचं चाललंय ते ठीक आहे.

मुलाखतींना संकेत लावण्याचं, म्हणजे कोडिंगचं काम मात्र या दोन्हींच्या मधलं आहे, आणि तिथे मिनिटांत मोजूच नका असं मी सांगेन. एक मुलाखत हाच टप्पा धरा. त्या बाईचा बोलण्याचा ढंग, ती कशावरून कशावर जाते, हे डोक्यात असतानाच पहिल्या पानावरचा संकेत आणि शेवटच्या पानावरचा संकेत एकमेकांशी जुळतात. मध्येच उठलात तर उत्तरार्धात निकष नकळत बदलतात. मुलाखत फारच लांब असेल तर विषय जिथे बदलतो तिथे तोडा. ज्या कामाला स्वतःचा सांधा आहे, ते घड्याळाने तोडू नये.

आता मोजायचं कसं ते सांगते. दोन आठवडे, आणि फक्त प्रकरण-लेखनासाठी. एक दिवस २५ च्या फेऱ्या, एक दिवस सलग बैठक, असं आलटून-पालटून. वेळ मात्र दिवसातली एकच ठेवा. सकाळची सलग बैठक आणि रात्री जेवणानंतरच्या फेऱ्या यांची तुलना केलीत तर तुम्ही सकाळ आणि रात्र मोजाल, बाकी काही नाही. पहिले दोन दिवस हिशोबात धरू नका, कारण नव्या पद्धतीचा हुरूप असतो.

वहीत फार लिहायचं नाही. एका सलग बैठकीची नोंद अशी दिसेल:

९.०५ बसले. ९.२१ पहिलं वाक्य. १०.३२ तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचतेय. १०.५० शीर्षकांचा फॉन्ट सारखा करत बसले.

यातून दोन गोष्टी लगेच निघतात. मांडामांड १६ मिनिटं. आणि उतार १०.३२ ला, म्हणजे बसल्यापासून ८७ मिनिटांनी सुरू झाला. त्यानंतर तुम्ही आणखी दीड तास बसत होतात. उतार ओळखायची खूण प्रत्येकाची वेगळी असते. कुणी समास नीट करतं, कुणी फायलींची नावं बदलतं, कुणाला एकदम आठवतं की एक लेख डाउनलोड करायचा राहिला. तुमची खूण दोन-तीन दिवसांत तुम्हाला सापडेल, कारण ती दर वेळी तीच असते.

याच्या जोडीला एक छोटी युक्ती करा. लिहिताना दर अर्ध्या तासाला मसुद्यातच कंसात वेळ टाकून ठेवा: [९.३०], [१०.००], [१०.३०]. दुसऱ्या दिवशी वाचताना खोडाखोड कुठल्या कंसापुढे वाढते ते पाहा. उतार आपल्याला वाटतो तेव्हा सुरू झाला की आधीच, हे या कंसांवरून कळतं. बहुतेकांचं उलट निघतं. वाटायला लागण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच वाक्यं सैल व्हायला लागलेली असतात. अशा वेळी कंसावर विश्वास ठेवा आणि बैठक तिथपर्यंतच धरा. रिकामे कंस शेवटी एकदम काढून टाकता येतात.

दोन आठवड्यांनी आकडा काढायचा तो असा. माझा ठोकताळा आहे की टप्पा मांडामांडीच्या किमान पाचपट असावा आणि उतारापाशी संपावा. १६ मिनिटांची मांडामांड म्हणजे किमान ८० मिनिटं. उतार ८७ ला. तर तुमचा टप्पा ८० ते ८५ मिनिटांचा. हा नियम कुठल्या प्रयोगातून आलेला नाही, पण पाचपटीच्या खाली आलं की एक-पंचमांशाहून जास्त वेळ मांडण्यातच जातो, एवढं सरळ गणित त्यामागे आहे. पाचपट आणि उतार यांचा मेळ बसलाच नाही, म्हणजे मांडामांड २० मिनिटांची आणि उतार मात्र साठाव्या मिनिटाला, असं निघालं तर बैठक ताणू नका. मांडामांड कमी करा. ते कसं, ते पुढे येतंच.

आता तुमच्या त्या वाया जाणाऱ्या पहिल्या तासाकडे वळू. तो सगळा मांडामांडीचा असेल असं मला वाटत नाही. मांडामांडीत माणूस कामाच्याच गोष्टी उघडतो: कालचा मसुदा, मुलाखतीचं पान, जुनी टिपणं. टाळाटाळीत कामाच्या शेजारच्या गोष्टी उघडतो: प्रबंधाच्या नियमांची पुस्तिका, दुसऱ्याच प्रकरणाची अनुक्रमणिका, खुर्चीची उंची. वहीत ही नोंद ठेवलीत तर दिसेल की पहिली पंधरा-वीस मिनिटं खरी आहेत आणि उरलेली चाळीस दुसऱ्या प्रकारची. तीन तास मोकळे दिसत असले की सुरुवात करायची घाई कुणालाच नसते. त्यातून समोरच्या कागदावर 'प्रकरण ३ लिहिणे' एवढंच असेल तर सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं नसतं.

इथे तुमचा जुना टायमर कामाला येतो. बैठकीच्या सुरुवातीला १५ मिनिटांचा लावा, आणि त्यासाठी उत्तर देता येईल असा लहानसा प्रश्न लिहून ठेवा. 'प्रकरण ३' नव्हे, 'रात्रपाळी स्वतःहून मागणाऱ्या परिचारिका आणि ती लादली गेलेल्या परिचारिका एकाच गटात का धरल्या?' असा. पंधरा मिनिटं फक्त यावर खरडायचं, वाईट लिहिलं तरी चालेल. घंटा वाजेल तेव्हा हात चालू असेल तर ती बंद करा आणि लिहीत राहा, फेरी तिथेच बैठकीत मिसळली. हात चालू नसेल तर उठा, पाच मिनिटं फिरा आणि प्रश्न आणखी लहान करून परत बसा. बाहेरच्या टोकाला, म्हणजे तुमच्या ८० मिनिटांवर, फोनचा आवाज बंद करून नुसता थरथरणारा गजर ठेवा. तो वाजला की वाक्य पुरं करायचं, विचार पुरा करायचा नाही.

शेवटचा विचार पुरा न करण्याचं कारण आहे. बैठक संपवताना पाच मिनिटं राखून ठेवायची आणि उद्यासाठी चिठ्ठी लिहायची. लरॉय यांनी पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम यांच्यासोबत हेच तपासलं. काम मध्येच सोडताना आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं, तर मधल्या कामात लक्ष कमी अडकतं. तुमच्या बाबतीत दुहेरी फायदा होईल, कारण तीच चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मांडामांडीचा वेळही कमी करते. चिठ्ठी अशी:

'पुढे: सातव्या मुलाखतीतलं "रात्री कुणी विचारत नाही" हे इथे आणायचं. मग ते पान १४ वरच्या मुद्द्याच्या विरुद्ध का वाटतं ते लिहायचं. अडलंय: "स्वायत्तता" मी दोन अर्थांनी वापरतेय, कोणता ठेवायचा?'

'विश्लेषण चालू ठेवणे' असली चिठ्ठी लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी. चिठ्ठीत पान क्रमांक किंवा मुलाखतीचा क्रमांक नसेल तर ती चिठ्ठी झाली नाही असं समजा. हे जमलं की १६ मिनिटांची मांडामांड ८-१० वर येते, आणि मग तुम्हाला ५० मिनिटांचा टप्पाही परवडतो. ज्यांचा उतार लवकर येतो त्यांना हीच वाट आहे.

दिवसात अशा बैठका किती? दोन. दुसरी पहिलीपेक्षा लहान. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास छापला. त्यातल्या उत्तम वादकांचा एकट्यानं केलेला रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास होता, आणि तोही विश्रांती घेत-घेत. लेखन म्हणजे व्हायोलिन नव्हे. तरी तीन तासांच्या एका बैठकीमागून दुसरी तीन तासांची काढण्याचा विचार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. दोन बैठकांनंतर उरलेला दिवस संदर्भ, टायपिंग आणि मेल यांच्या छोट्या फेऱ्यांना द्या. त्यांना तुमची ताजी सकाळ लागत नाही.

आणि ज्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडेच हाती असतील, त्या दिवशी प्रकरणाला हात लावू नका. त्या तुकड्यांत मांडामांड तेवढी होईल आणि 'आज प्रकरणावर काम केलं' असं समाधान मिळेल, पान मात्र हलणार नाही. त्यापेक्षा आठवड्यातले तीन दिवस ८० मिनिटांची जागा आधीच अडवून ठेवा आणि तुकड्यांचे दिवस सूचीला द्या.

एक शेवटची सूचना. हा आकडा कायमचा नाही. प्रकरणाचा पहिला मसुदा हातावेगळा होऊन दुरुस्त्या सुरू झाल्या की मांडामांड झपाट्यानं कमी होते, कारण सगळं कागदावर आलेलं असतं. आणि नजर मात्र आपल्याच वाक्यांवरून घसरायला लागते, संदर्भसूचीसारखी. तेव्हा चार दिवस पुन्हा वही काढा. ८० मिनिटांच्या जागी ३० निघाली तर घंटा परत लावा.